तुकड्यातुकड्यांनी विकलेल्या शेअरचा नफा कसा मांडायचा

शेअर थोडे थोडे विकल्यावर तुम्ही काढलेला नफा दुसरीकडे दिसणाऱ्या नफ्याशी जुळत नसेल, तर तुमचा आकडा चुकलेला असेलच असं नाही; बहुधा नफा मोजायच्या दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या आहेत. समजा, एका कंपनीचे 100 शेअर 200 रुपयांना घेतले आणि नंतर आणखी 100 शेअर 260 ला. सरासरी 230. आता 120 शेअर 250 ला विकले.

सरासरीने प्रत्येकी 20 रुपये, म्हणजे 2,400 नफा. 'आधी घेतले ते आधी विकले' असं धरलं, तर पहिल्या 100 वर 5,000 नफा आणि पुढच्या 20 वर 200 तोटा, म्हणजे 4,800. उरलेले 80 पुढे 270 ला विकले, तर सरासरीने 3,200 आणि दुसऱ्या पद्धतीने 800. दोन्हीकडे एकूण 5,600 च. फरक पडतो तो फक्त कुठला नफा कधी दिसतो, याचा.

पण मधे 31 मार्च आला की हाच फरक महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे डीमॅटमधल्या शेअरना आयकरासाठी 'आधी घेतले ते आधी विकले' हीच पद्धत लागते, तीही प्रत्येक डीमॅट खात्याला वेगळी. नफा दीर्घकालीन की अल्पकालीन हे ठरवणारी बारा महिन्यांची मुदतही त्याच क्रमाने मोजतात.

सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा:

- प्रत्येक खरेदी तारखेसह वेगळ्या ओळीत लिहा. सरासरी त्यातून केव्हाही काढता येते, उलट करता येत नाही.
- विक्रीनंतर सरासरी बदलू नका, ती फक्त नव्या खरेदीने बदलते. बहुतेक नवखे इथेच चुकतात.

बोनस, स्प्लिट नंतर बघू.