सारांश नको, युक्तिवाद मांड

प्रश्न : मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते आहे. ‘उताऱ्यातील युक्तिवादाचे परीक्षण करा’ असा प्रश्न आला की मी तीन पानं लिहिते, तरी ‘हा सारांश झाला’ असा शेरा मिळतो. सर म्हणतात, क्रमांक देऊन आधारविधानं मांड. मी उताऱ्यातल्या वाक्यांना ओळीने क्रमांक देते, पण पुढे काय करायचं ते कळत नाही.

उत्तर : चूक क्रमांक देण्यापाशीच होते आहे. लेखक उदाहरणं देतो, तेच पुन्हा सांगतो, समजूत घालतो; त्यातली बरीच वाक्यं आधारविधानं नसतातच. म्हणून सुरुवात शेवटापासून कर. लेखकाला आपल्याला काय पटवायचं आहे, ते एका पूर्ण वाक्यात आधी लिही आणि मग मागे वळून विचार, हे पटायला कमीत कमी काय मान्य करावं लागेल?

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं आपल्या शिष्याला, मेनोइकिअसला लिहिलेलं पत्र घेऊ. मृत्यूला घाबरू नये, असं तो त्यात सांगतो. त्या भागातून माझ्या हाती एवढंच उरतं :

१. माणसाला ज्याची जाणीव होते, तेच त्याच्यासाठी चांगलं किंवा वाईट असतं.
२. मेलेल्या माणसाला कशाचीच जाणीव नसते.
३. म्हणून मेलेलं असणं हे मेलेल्यासाठी वाईट नसतं. (१ आणि २ वरून)
४. जे आल्यावर वाईट नसतं, त्याला आधीपासून भिणं अवाजवी आहे.
५. म्हणून मेलेलं असण्याला भिणं अवाजवी आहे. (३ आणि ४ वरून)

कंसात ‘कशावरून’ ते लिहायला विसरू नकोस, तपासणी तिथेच होते. क्रमांक ४ झाकून बघ. मेलेलं असणं वाईट नाही एवढं मानूनही ‘तरी भीती वाजवी आहे’ असं कुणी विसंगती न होता म्हणू शकतं. म्हणजे ३ वरून एकदम ५ वर उडी मारता येत नाही. विद्यार्थी नेमकं ४ गाळतात, कारण वाचताना ते उघडच वाटतं. एपिक्युरसने मात्र ते सांगितलेलं आहे. प्रत्येक ‘म्हणून’पाशी हाच प्रश्न विचार : आधीचं सगळं खरं आणि हे खोटं, असं चित्र उभं करता येतं का? येत असेल तर मधलं विधान राहून गेलं आहे, किंवा युक्तिवादच अवैध आहे.

आता शब्दांकडे बघ. मी ‘मृत्यू’ हा शब्द मुद्दाम टाळला. ३ मध्ये त्याचा अर्थ मेल्यानंतरची स्थिती आणि ५ मध्ये मरतानाची तडफड, असा अर्थ नकळत बदलला तर साखळी तुटते. ‘पण मरताना वेदना होतात’ हा आक्षेप उत्तरपत्रिकांमध्ये फार दिसतो. वेदना खऱ्याच असतात, पण वरच्या पाचांपैकी कोणत्याही विधानाला त्या धक्का लावत नाहीत. आक्षेप लिहिण्याआधी तो कोणत्या क्रमांकावर आहे ते सांगता आलं पाहिजे.

खरी लढत क्रमांक १ वर आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी मृत्यूवरच्या १९७० च्या लेखात असा माणूस दाखवला, ज्याचा पाठीमागे विश्वासघात होतो आणि त्याला कधीच कळत नाही. त्याचं काहीच वाईट झालं नाही, असं म्हणवत नाही. मग १ खोटं ठरतं. पण घाईने निकाल देऊ नकोस. एपिक्युरसच्या बाजूने ‘जाणीव होते’ऐवजी ‘जाणीव होऊ शकते’ असं वाचून बघ. विश्वासघात त्या माणसाला कळू शकला असता, त्यामुळे उदाहरण निसटतं आणि २ मध्ये ‘जाणीव होऊच शकत नाही’ एवढा बदल केला की युक्तिवाद पुन्हा उभा राहतो. मग आक्षेप घेणाऱ्याला असं उदाहरण द्यावं लागेल, ज्यात कळणं शक्यच नव्हतं आणि तरी नुकसान झालं. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो. विधान सर्वांत भक्कम रूपात मांडायचं आणि मग त्यावर आघात करायचा. कमकुवत रूप पाडल्याचे गुण मिळत नाहीत.

उलट दिशेचाही धोका आहे. साखळी जुळावी म्हणून आपण एखादं विधान भरतो आणि ते निष्कर्षाचंच दुसरं रूप निघतं. ४ च्या जागी ‘मेलेलं असणं भिण्याजोगं नाही’ असं घातलंस तर युक्तिवाद वैध होईल, पण ज्याला भीती वाटते तो हे मान्य का करेल? भरलेलं विधान निष्कर्ष न मानणाऱ्यालाही आधी पटण्याजोगं असावं.

परीक्षेत पहिल्या अर्ध्या पानात ही पाच वाक्यं लिही, युक्तिवाद वैध आहे का ते दोन ओळींत सांग आणि उरलेली सगळी जागा एकाच क्रमांकाला दे : आक्षेप, एपिक्युरसचं संभाव्य उत्तर आणि ते तुला पुरेसं वाटतं की नाही. पाचही विधानांवर दोन-दोन ओळी लिहिल्यास की पुन्हा सारांशच होतो.