नेमकं काय हवंय, ते सांगता येत नाही

ताई, मी ४८ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरीला. मुलगा आखेनला शिकतो, त्या निमित्तानं जर्मन शिकायला लागले; सध्या बी-वनची तयारी चालू आहे. आमचं घर रुळांजवळ आहे. रात्री लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला की पोटात कालवतं. दुःख असं नाही, पण कुठंतरी काहीतरी आहे आणि मी तिथं नाही, असं वाटत राहतं. मिस्टर म्हणतात, "नेमकं काय हवंय ते सांग, आपण करू." मागच्या वर्षी हिमाचलला नेलं. ट्रिप छान झाली, पण परतल्यावर पहिल्याच रात्री भोंगा वाजला आणि पुन्हा तेच. क्लासमध्ये 'झेनझुख्ट' हा शब्द आला. बाईंनी 'तीव्र इच्छा' असा अर्थ सांगितला. मग माझी इच्छा कशाची आहे? कधी वाटतं, व्हीआरएस घ्यावी आणि निघावं. अर्ज भरून ठेवलाय, दिला नाही. देऊ का?
— रुळांजवळची

बाई, अर्ज अजून थोडे दिवस कपाटातच राहू दे. तो द्यायचा की नाही, याकडे मी येतेच. पण आधी तुमच्या मिस्टरांचा प्रश्न घेऊ, कारण तो प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो इच्छेला विचारायचा आहे.

इच्छेला पत्ता असतो. मुलाला भेटायला जायचं आहे, परीक्षा पास व्हायचं आहे, मोठं स्वयंपाकघर हवं आहे. यातलं प्रत्येक मिळवायचा काही मार्ग असतो आणि मिळालं की ती इच्छा मिटते. मग दुसरी येते, तो भाग वेगळा. जर्मनमध्ये याला 'वुन्श' असा साधा, रोजचा शब्द आहे. झेनझुख्ट त्याहून तीव्र असते म्हणून वेगळी ठरत नाही. तुमच्या बाईंनी सांगितलेला अर्थ म्हणूनच तुम्हाला अपुरा वाटला असणार. हळूवार झेनझुख्टही असते, आणि जिवाचा आटापिटा करायला लावणारी साधी इच्छाही असते. तिचं वेगळेपण यात आहे की जी वस्तू आपण तिचं कारण म्हणून दाखवतो, ती हाती आली तरी ओढ संपत नाही. हिमाचलनं तुम्हाला हेच दाखवलं. ट्रिप फसली असती तर म्हणता आलं असतं, जागा चुकली, पुढच्या वेळी केरळला जाऊ. पण ट्रिप छान झाली, आणि तरीही भोंग्याचं पोटात कालवणं तसंच राहिलं.

तुमचं पत्र वाचताना मला योझेफ फॉन आयशेनडॉर्फची कविता आठवली. १८३४ साली आलेल्या या कवितेचं नावच 'झेनझुख्ट' आहे. तुमच्या गाडीच्या जागी तिथं टपालगाडीचं शिंग आहे. एक जण चांदण्या रात्री खिडकीशी एकटा उभा आहे. लांबून, निजलेल्या प्रदेशातून ते शिंग ऐकू येतं. काळीज पेटतं आणि तो मनातल्या मनात, चोरून म्हणतो: अहा, या देखण्या उन्हाळी रात्री त्यांच्यासोबत कुणाला जाता आलं असतं तर! कुठं, ते तो सांगत नाही. गाडी कुठली, कुठं निघाली, त्याला ठाऊकही नाही.

पुढं डोंगरउतारावरून दोन तरुण गात जातात. ते गातात खोल कड्यांबद्दल, रानाच्या सळसळीबद्दल, संगमरवरी पुतळ्यांबद्दल, रान माजलेल्या बागांबद्दल आणि चांदण्यातल्या महालांबद्दल. त्या महालांत मुली आहेत. त्या काय करताहेत? खिडकीशी उभ्या राहून कान देताहेत, कुठून वाद्याचा सूर येतो का म्हणून. कविता तिथंच थांबते, पुन्हा त्याच 'देखण्या उन्हाळी रात्री'त.

आता हे बघा. आपला माणूस खिडकीतून ज्या दूरच्या ठिकाणाकडे ओढला जातो, त्या ठिकाणच्या लोकांनाही खिडकीच लाभली आहे. समजा तो टपालगाडीत बसून खरंच त्या महालापर्यंत पोचला, तर तिथंही त्याला कुणीतरी बाहेर कान लावून उभं असलेलं दिसेल. आयशेनडॉर्फनं यावर एक शब्द भाष्य केलेलं नाही, नुसती खिडकीसमोर खिडकी ठेवली. या विषयावर जर्मन भाषेत ढीगभर लिहिलं गेलं आहे, पण तो सगळा ढीग बाजूला ठेवून मी या चोवीस ओळी निवडीन.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. या कवीनं आयुष्याचा मोठा काळ प्रशियाच्या सरकारी नोकरीत, फायलींमध्ये काढला. झेनझुख्ट जाणवली की सगळं सोडून निघावं लागतं, असा काही नियम निदान त्याच्या आयुष्यात दिसत नाही.

शब्दाबद्दल एकच सांगते, कारण क्लासमध्ये हा घोळ हमखास होतो. 'झुख्ट' हा भाग 'झूखेन' म्हणजे शोधणे यावरून आला, असं पुष्कळांना वाटतं. तो आलाय आजारपणाच्या जुन्या शब्दावरून. कावीळ म्हणजे 'गेल्बझुख्ट', पिवळं दुखणं. आज 'झुख्ट' म्हणजे व्यसन. तेव्हा झेनझुख्ट म्हणजे ओढीचं दुखणं. शोध म्हटलं की सापडण्याची आशा येते. दुखणं म्हटलं की ते अंगात घेऊन कसं वावरायचं, हा प्रश्न येतो. तुमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे.

त्या वावरण्याबद्दल बर्लिनच्या माक्स प्लांक मानवविकास संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. सुझाने शाइबे, अलेक्झांड्रा फ्रॉइंड आणि बाल्टेस यांचा त्यावरचा मुख्य लेख २००७ साली आला. त्यांनी या भावनेच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यातल्या तीन तुमच्या पत्रात ठळक दिसतात. पहिली, हवं असलेलं चित्र इतकं परिपूर्ण असतं की ते प्रत्यक्षात पुरतं उतरूच शकत नाही. दुसरी, त्यात गोड आणि कडू एकदम असतं. तुम्हाला भोंगा नकोसा वाटत नाही, खिडकी लावून घेते असं तुम्ही लिहिलेलं नाही. तिसरी, त्यात भूत, वर्तमान आणि भविष्य एकत्र येतात. म्हणून 'पूर्वीचं काही आठवतं का' असं विचारलं तर पुरतं उत्तर मिळत नाही आणि 'पुढं काय करायचंय' असं विचारलं तरी नाही. इच्छा बहुतेक वेळा पुढंच बघते.

याच गटानं नंतर मूल हवं असूनही न झालेल्या मध्यमवयीन स्त्रियांचा अभ्यास केला. जोवर काही करता येण्यासारखं असतं, तोवर मूल हे ध्येय असतं, त्याच्यामागे धावता येतं. पुढे काही जणींच्या बाबतीत तेच झेनझुख्ट होतं. मग ती ओढ माणसाला सावरते की पोखरते? त्यांना दिसलं ते असं, की जिला ती ओढ थोडीफार ताब्यात ठेवता येते, म्हणजे हवी तेव्हा मनात आणता येते आणि बाजूलाही ठेवता येते, तिला ती झेपते. ओढच दिवसभर हाकायला लागली तर मात्र त्रास होतो. तुमच्याकडे हा ताबा बऱ्यापैकी आहे, असं पत्रावरून वाटतं. भोंगा रात्री वाजतो आणि सकाळी तुम्ही बँकेत असता.

एवढं सगळं सांगितल्यावर उलट बाजूही सांगायला हवी, आणि त्यासाठी मला कालिदासाकडे जायचंय. ओढून ताणून नव्हे: गेऑर्ग फोर्स्टरनं 'शाकुंतल'चं जर्मन भाषांतर १७९१ साली केलं आणि गटे त्यानं इतका भारावला की त्यानं त्याच वर्षी त्यावर चार ओळी लिहिल्या. पाचव्या अंकात दुष्यंत आतून येणारं हंसपदिकेचं गाणं ऐकतो आणि अस्वस्थ होतो. 'रम्याणि वीक्ष्य मधुरांश्च निशम्य शब्दान्, पर्युत्सुको भवति यत्सुखितोऽपि जन्तुः': सुंदर काही पाहून, गोड काही ऐकून सुखी जीवसुद्धा कासावीस होतो. त्याचं कारण तो मागच्या जन्मीच्या स्नेहात शोधतो. आपल्याला, बघणाऱ्यांना, माहीत असतं की कारण याच जन्मातलं आहे. शापामुळे तो शकुंतलेला विसरलाय, आणि ती थोड्याच वेळात दारात उभी राहणार आहे. म्हणजे जिला नाव नाही असं वाटलं, त्या हुरहुरीला चांगलं नावगाव होतं.

म्हणून सगळं झेनझुख्टच्या खाती टाकण्याआधी एकदा तुमची शकुंतला शोधून बघा. भोंगा ऐकू यायला लागला तो नेमका कधीपासून? रूळ काही काल टाकलेले नाहीत. मुलगा आखेनला गेल्यापासून असेल, तर त्यात मुलाची आठवण मिसळलेली आहे आणि तिला पत्ता आहे, विमानाचं तिकीट आहे. कधीकाळी अर्धवट सोडलेलं काही असेल, कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर तीही इच्छाच, आणि तिच्यासाठी काही करता येतं. हे सगळं वेगळं काढल्यावर जे उरेल, ते झेनझुख्ट. माझा अंदाज, उरेल.

डॉक्टरांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. झेनझुख्ट माणसाला कशाकडे तरी ओढते. नैराश्यात ओढच आटते; आवडीचं काही आवडेनासं होतं, झोप आणि भूक बिघडते. तसं दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर खिडकीत उभं न राहता डॉक्टरांकडे जायचं.

आता अर्ज. एक कागद घ्या आणि व्हीआरएसनंतरचा एक मंगळवार लिहून काढा. सकाळी सहापासून रात्री भोंग्यापर्यंत, तास धरून. हिमाचलचा किंवा आखेनचा दिवस नको. घरातला, दूधवाल्याचा, साधा मंगळवार. तो दिवस स्वतःच्या बळावर हवासा वाटला, बँकेतल्या ताणातून सुटका म्हणून, शिकवण्या घ्यायच्या म्हणून, गुडघ्यांसाठी म्हणून, तर पेन्शनचं गणित मांडा आणि खुशाल अर्ज द्या. ती रास्त इच्छा आहे. पण त्या मंगळवारात तुम्हाला फक्त रात्रीचा भोंगा थांबलेला हवा असेल, तर तो नोकरी सोडून थांबणार नाही, आणि तुम्ही पगार व ओढ अशा दोन्ही गोष्टींवर एकदम विचार करत बसाल.

मिस्टरांना उत्तर द्यायला हवंच. त्यांच्या मनात बहुधा भीती असेल की आपण काहीतरी द्यायचं राहिलं. त्यांना स्पष्ट सांगा की यात आणून देण्यासारखं काही नाही, आणि त्यांचं काही चुकलेलंही नाही. मग विचारा, त्यांना कधी असं होतं का. पुरुष हे क्वचितच आपणहून सांगतात. विचारलं तर कधीकधी तासभर बोलतात.

कविता क्लासमध्ये घेऊन जा. बी-वनला ती झेपेल, फक्त पहिल्या कडव्यात 'एंटब्रेन्टं' हे क्रियापद अडेल. व्याकरणाप्रमाणे ते 'एंटब्रान्टं' हवं. कवीनं पुढच्या 'क्योन्टं'शी यमक जुळवायला वाकवलं आहे. परीक्षेत मात्र तसं लिहू नका, मार्क कापतात.