लिमिटेड एडिशन गेम्स: कशाला पैसे द्यायचे, कशाला नाही

प्रश्न: पीएस5 आणि स्विचचे गेम्स डिस्क-कार्ट्रिजवरच घ्यायला सुरुवात केली आहे. लिमिटेड आणि कलेक्टर्स एडिशन्सही घ्याव्यात असं वाटतंय. पुढे खरंच किंमत मिळते का? मुंबईच्या दमट हवेत ठेवायचे कसे? आणि घेताना जास्तीचे पैसे जाऊ नयेत म्हणून काय बघायचं?

उत्तर:

खोक्यावर ‘लिमिटेड’ छापलेलं असलं की आधी एकच गोष्ट शोधून काढा. मर्यादा कशावर आहे, नगांवर की मुदतीवर? बहुतेकांचे जास्तीचे पैसे इथेच जातात.

निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ 3डी ऑल-स्टार्स’ हा तीन जुन्या मारिओ गेम्सचा संच घ्या. तो 18 सप्टेंबर 2020 ला 60 डॉलरला आला आणि 31 मार्च 2021 नंतर विक्री बंद, असं कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. झालं, लोकांनी दोन-दोन, चार-चार प्रती घेऊन ठेवल्या. मार्च संपताच दुप्पट किमतीच्या जाहिराती दिसायला लागल्या. पण त्या सहा महिन्यांत या गेमच्या सुमारे 90 लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. ज्याला हवा होता त्याच्या घरी तो आधीच पोचला होता आणि जपून ठेवलेल्या सीलबंद प्रतींचीही कमतरता नव्हती. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये त्यातला ‘गॅलेक्सी’ दुसऱ्या भागासह स्विचवर पुन्हा आला, म्हणजे मागणीचा एक मोठा आधारही गेला. गेम सुंदर आहे, माझ्या कपाटात आहे. पण ‘बंद झाला म्हणून महागणार’ या हिशेबाने तो घेण्यात काही अर्थ नव्हता, आणि हे विक्री चालू असतानाच कळण्यासारखं होतं.

छोट्या प्रकाशकांचंही असंच बघावं लागतं. लिमिटेड रन गेम्सने 2015 मध्ये सुरुवात केली ती ‘ब्रीच अँड क्लिअर’च्या पीएस व्हिटा आवृत्तीने, 1500 प्रतींवर. तिथे संख्या खरोखर मर्यादित होती. नंतर त्यांच्या बऱ्याच गेम्सची नोंदणी काही आठवडे सगळ्यांसाठी खुली राहू लागली, आणि जितक्या ऑर्डर तितक्या प्रती. ग्राहकाच्या दृष्टीने ही पद्धत जास्त चांगली आहे, मला ती मनापासून आवडते. पण पुनर्विक्रीच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की नोंदणी संपते त्या दिवशी बहुतेक मागणी भागलेली असते.

यातूनच खरेदीची एक चांगली वेळ सापडते. अशा ऑर्डरी हातात पडायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. भाव सगळ्यात चढे असतात ते नोंदणी बंद झाल्यापासून माल पोचेपर्यंत, कारण तेव्हा विकायला प्रत्यक्ष प्रत कुणाकडेच नसते. खोकी घरोघरी पोचली की ज्यांचा उत्साह दरम्यान ओसरला आहे ते विकायला काढतात आणि पहिल्या काही आठवड्यांत भाव खाली येतो. नोंदणी हुकली असेल तर तोवर थांबा.

मग किंमत टिकते कशाची? प्रती थोड्या निघाल्या, लोकांनी गेम खेळून डोक्यावर घेतला आणि तो पुन्हा दुसरीकडे आलाच नाही, हे तिन्ही जुळून आलं तर. सेगा सॅटर्नवरचा ‘पॅन्झर ड्रॅगून सागा’ हे याचं ठळक उदाहरण. 1998 मध्ये, सॅटर्नचे शेवटचे दिवस चालू असताना तो पाश्चात्त्य बाजारात आला, फार थोड्या प्रतींत. नंतर कुठल्याच यंत्रावर तो परत आला नाही. चारही डिस्क आणि पुस्तिकेसह पूर्ण प्रत आजही शेकडो डॉलरला जाते. उलट निन्टेन्डोच्या वी या जुन्या यंत्रावरचा ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ बघा. अमेरिकेत 2012 मध्ये मोजक्याच ठिकाणी मिळाल्यामुळे तो मूळ किमतीच्या बराच वर गेला होता. मग 2015 मध्ये न्यू 3डीएसवर आला, 2020 मध्ये सुधारित रूपात स्विचवर आला, आणि वीच्या प्रतीचा भाव उतरला. फक्त खेळायचा म्हणून चढा भाव द्यायला तयार असलेल्या माणसाला स्वस्त वाट मिळाली की मागे उरतात ते संग्राहकच. म्हणून जुन्या गेमला मोठी रक्कम मोजण्याआधी त्याच्या मालिकेच्या रीमास्टरच्या बातम्या जरूर चाळा.

दुसरी तपासणी खोक्यात नेमकं काय आहे याची. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’च्या 2022 च्या कलेक्टर्स एडिशनमध्ये थोरचा हातोडा होता, स्टीलबुक म्हणजे डिस्क ठेवायची पत्र्याची केस होती, पण डिस्क नव्हती, डाउनलोडचा कोड होता. ‘स्टारफील्ड’च्या घड्याळवाल्या एडिशनमध्येही तेच. कोड एकदा वापरला की खोक्यात उरतात शोभेच्या वस्तू, आणि पुढचा गिऱ्हाईक तेवढ्याचेच पैसे देतो. स्विच 2 वर गेम-की कार्ड नावाचा प्रकार आला आहे. कार्ड खरं असतं, पण गेम त्यात नसतो, पहिल्या वेळी तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली तशी पट्टी छापलेली असते, ती वाचूनच घ्या. डिस्कवर गेम आहे पण इंटरनेटशिवाय शेवटपर्यंत चालतो का, याच्या चाचण्या DoesItPlay या नावाने काही मंडळी स्वतः करून जाहीर करतात. प्लेस्टेशन आणि स्विचच्या पुष्कळ गेम्सची माहिती तिथे मिळते.

आता भाव बघायची पद्धत. जाहिरातीत लिहिलेली रक्कम ही विकणाऱ्याची इच्छा असते, तिला भाव समजू नका. ईबेवर गेमचं नाव शोधून Sold Items ही खूण चालू करा, म्हणजे प्रत्यक्षात झालेले सौदे दिसतात. प्राइसचार्टिंग या संकेतस्थळावर नुसती डिस्क, पूर्ण संच आणि सीलबंद असे तीन वेगळे भाव मिळतात. आपली प्रत ज्या गटातली, त्याच गटाशी तुलना करायची. अव्वाच्या सव्वा भाव सांगणारे बहुतेक वेळा सीलबंदचा आकडा दाखवून उघडलेली प्रत विकत असतात.

त्यानंतर आपल्याकडचा हिशेब. समजा एखादी एडिशन अमेरिकेत 60 डॉलरला आहे. डॉलर 85 रुपये धरला तर 5,100 होतात आणि ओएलएक्सवर कुणी 11,500 मागितले की लूट वाटते. पण मागवून बघा. मोठ्या खोक्याचं शिपिंग 30 डॉलर धरू. सीमाशुल्क आणि आयजीएसटी वस्तूच्या एकट्या किमतीवर लागत नाही, शिपिंग धरून होणाऱ्या रकमेवर लागतो, म्हणजे 90 डॉलरवर. दर बदलत असतात, ऑर्डर देताना त्या वेळचा बघा, पण हिशेबापुरते एकूण 40 टक्के धरले तरी 126 डॉलर, म्हणजे 10,710 रुपये झाले. वर कुरिअरवाल्याचे हाताळणीचे पैसे वेगळे. म्हणजे तो 11,500 वाला काही लुटत नव्हता. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्रीच नसल्यामुळे स्विचच्या बाबतीत हा घरपोच भावच खरा भाव. अमेरिकेतून किंवा दुबईहून येणारं कुणी नात्यातलं असेल तर शिपिंग वाचतं, पण पुतळेवाली मोठी खोकी बॅगेत मावत नाहीत. तेव्हा त्यांच्याकडे साधी डिस्क-कार्ट्रिजच सांगा.

हाच हिशेब विकताना उलटा लागतो. तुमची प्रत बाहेरदेशी पाठवायची तर शिपिंग खरेदीदाराच्या माथी पडतं, म्हणून तुमचा खरा बाजार देशातलाच आणि तो लहान आहे. माझं स्पष्ट मत आहे की नवीन एडिशन्स गुंतवणूक म्हणून घेऊ नयेत. विकताना फार तोटा होणार नाही एवढीच अपेक्षा ठेवावी. 2021 मध्ये ‘सुपर मारिओ 64’ची एक सीलबंद, स्थिती तपासून श्रेणी दिलेली प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली होती. त्या बातमीवरून आपल्या कपाटाचा अंदाज बांधू नका.

पूर्ण संचाची किंमत खऱ्या अर्थाने किरकोळ वस्तूंवर अवलंबून असते. बाहेरचं पुठ्ठ्याचं आवरण, क्रमांक लिहिलेलं कार्ड, नकाशा, पुस्तिका यातलं काहीही हरवलं की संच ‘अपूर्ण’ होतो. आलेलं तपकिरी खोकंसुद्धा टाकू नका, पुतळ्याच्या मापाचा थर्माकोल परत मिळत नाही. खोकं उघडाल तेव्हा सगळ्या वस्तू पावतीसकट एका फोटोत घेऊन ठेवा.

साठवणीबद्दल. मुंबईत पावसाळ्यात घरातली आर्द्रता सहज 80 टक्क्यांच्या वर जाते आणि कागदाला, पुठ्ठ्याला हवी ती साधारण 40 ते 50. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घेऊन कपाटात ठेवा, अंदाजाने चालू नका. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात मागून ओलावा धरतं, ते आतल्या भिंतीला हलवा. पहिलं नुकसान डिस्कचं होत नाही, पुस्तिकेचं होतं. मधली पानं उघडून पिनांकडे बघा. पिनेभोवती फिकट तपकिरी कडं दिसलं की गंज चढायला लागला आहे आणि तो कागदात उतरतो. स्टीलबुकच्या कडांना, जिथे रंगाचा टवका उडालेला असतो तिथेही हेच होतं. कॅमेऱ्यांसाठी मिळणारं ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल. केशरी दाणे हिरवे झाले की मंद आचेच्या ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येतात.

कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका. पीएस1 आणि सॅटर्नच्या काळातल्या कडक, पारदर्शक सीडी केसेस पॉलिस्टायरीनच्या असतात आणि नॅफ्थलिनच्या वाफेने ते प्लास्टिक मऊ पडतं. खोक्यांना संरक्षक कव्हर घालायची तर पेट प्लास्टिकची घ्या. मऊ पीव्हीसीतला तेलकट अंश कालांतराने बाहेर येऊन छपाईला चिकटतो, आणि बंद खोक्यातले पीव्हीसीचे पुतळेही त्यामुळेच चिकट होतात, म्हणून त्यांना अधूनमधून हवा लागू द्या. उन्हाने आधी लाल रंग उडतो, त्यामुळे स्विचच्या लाल कडा खिडकीसमोर एका उन्हाळ्यात गुलाबी पडू शकतात. केसेस पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आणि जड कलेक्टर्स खोकी एकावर एक न रचता शक्यतो एकाच थरात ठेवा, नाहीतर खालच्याचे कोपरे बसतात. खरेदीदार फोटोत आधी कोपरेच मोठे करून बघतो.