‘पन्नासेक’, ‘जवळजवळ’ आणि ‘बहुधा’

“‘सुमारे’, ‘जवळजवळ’, ‘बहुधा’ असे शब्द लिखाणातून काढून टाक, त्यांनी भाषा गुळमुळीत होते, असं मला सांगण्यात आलं. मग नेमकं बोलणारी माणसंही ते का वापरतात?”

सरसकट काढू नका. यांतला प्रत्येक शब्द वेगळं काम करतो.

एखाद्या सभेला माणसं किती होती, असं विचारल्यावर कोणी ‘पन्नासेक’ म्हणालं, तर प्रत्यक्षात ४७ असोत की ५३, ते उत्तर खरंच ठरतं. ‘सुमारे पन्नास’चंही तेच. ‘जवळजवळ पन्नास’ मात्र फक्त खालच्या बाजूने चालतं: ४७ असतील तर ठीक, ५३ असतील तर ऐकणारा लगेच म्हणेल, “अहो, पन्नासच्या वर होती!” ‘चाळीस-पन्नास’ म्हणणारा दोन्ही टोकं सांगून मोकळा होतो. म्हणजे आकडा किती सैल आणि कुठल्या बाजूला सैल, हे आपण अगदी काटेकोरपणे सांगत असतो. ज्याने डोकी मोजलेली नाहीत, त्याने नुसतं ‘पन्नास’ म्हणणं हेच खरं तर ढिसाळ बोलणं.

हा ‘-एक’ मला फार आवडतो. तो सहसा गोल आकड्यांनाच लागतो: दहाएक, वीसेक, शंभरेक. ‘सत्तेचाळीसेक’ कोणी म्हणत नाही, कारण सत्तेचाळीस म्हटलं की मोजलं असणार, हे गृहीतच असतं. ‘अंदाजे ४८७’ खटकतं तेही त्यामुळेच. आणि ‘सुमारे पन्नासेक’मध्ये एकच काम दोनदा केलंय; तिथे एक शब्द खुशाल काढा.

‘बहुधा’ची जात निराळी. ‘बहुधा पन्नास होते’ यात सैल आहे ती बोलणाऱ्याची खात्री, आकडा पन्नासच. ‘पन्नास होते म्हणे’ यात तर माहितीची जबाबदारीच दुसऱ्यावर जाते. भाषाशास्त्रज्ञ एलेन प्रिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्याचा अभ्यास करताना नेमका हाच फरक मांडला: एका गटातले शब्द आशयच सैल करतात, दुसऱ्या गटातले बोलणाऱ्याची त्या आशयाशी असलेली बांधिलकी. ‘ताप सुमारे १०२ आहे’ आणि ‘बहुधा हा मलेरिया असावा’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की फरक कळतो. पहिल्यातला ‘सुमारे’ थर्मामीटर नीट वाचला की जाईल. दुसऱ्यातला ‘बहुधा’ रक्ताचा अहवाल येईपर्यंत काढताच येत नाही. तो आधीच काढला, तर ज्याची खात्री नाही ते डॉक्टर ठामपणे सांगतोय असं होईल.

काढायचे ते कुठले? मी त्या शब्दावरच प्रश्न विचारून बघते. ‘तो एक प्रकारे माझा गुरूच’ यावर “कोणत्या प्रकारे?” विचारलं आणि “शिकवणी अशी नव्हती, पण लिहायला त्याच्यामुळे लागले” असं उत्तर आलं, तर ‘एक प्रकारे’ राहू द्यावं. उत्तरच सुचलं नाही, तर ते खोडावं.