९४ टक्के जुळणी, तरी कप्पा ०.५४ का?

प्रश्न: कबड्डीच्या १०० चढायांवर दोन स्वयंसेवकांनी ‘बोनस मिळाला / नाही’ अशा खुणा केल्या. ९४ जुळल्या, पण योगायोगाने होणारी जुळणी वगळून सहमती मोजणारा ‘कप्पा’ हा आकडा ०.५४च येतो. गणित चुकले का?

उत्तर: गणित बरोबर असावे. समजा, दोघांनीही ४ चढायांना ‘मिळाला’ व ९० चढायांना ‘नाही’ म्हटले, आणि उरलेल्या सहांपैकी तीन-तीन ठिकाणी एकट्यानेच बोनस पाहिला. म्हणजे प्रत्येकाचे ‘मिळाला’ ७ टक्के झाले, आणि चढाई न पाहता याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी ०.०७ × ०.०७ + ०.९३ × ०.९३ = ०.८७ इतकी जुळणी निव्वळ योगायोगाने झाली असती.

```
κ = (0.94 − 0.87) / (1 − 0.87) ≈ 0.54
```

बोनस विरळा असल्याने ‘नाही’वरची सोपी सहमती कप्पा जवळजवळ मोजतच नाही, मात्र एवढ्या थोड्या बोनसांवर एखाद-दुसऱ्या खुणेनेही आकडा बराच हलतो, म्हणून आणखी सामने घ्यावेत. त्याआधी त्या सहा चढाया दोघांना एकत्र, संथ गतीने दाखवा. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता का, यावरच बहुधा (माझ्या अनुभवात तरी) वाद निघतो. नियम लेखी ठरल्यावर कप्पा नव्या चढायांवर काढावा, त्याच शंभरांवर नव्हे.