घाण्याचं तेल आणि एका मिनिटाची जाहिरात

प्रश्न: माझा मराठी पॉडकास्ट आहे. पहिल्यांदाच प्रायोजक मिळालाय. पण जाहिरातीचा भाग आला की माझा आवाजच बदलतो आणि ती ठिगळ लावल्यासारखी वाटते. काय करावं?

उत्तर:

आवाज बदलतो, कारण ती वाक्यं तुमची नसतात.

माझा पॉडकास्ट खाण्यापिण्यावर आहे. पहिली जाहिरात मिळाली ती लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची. त्यांचा मजकूर होता, 'पारंपरिक पद्धतीने निर्मित, शंभर टक्के शुद्ध, आपल्या कुटुंबाच्या आरोग्याची हमी.' दहा वेळा रेकॉर्ड केलं, आणि दर वेळी एसटी स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा करतोय असंच वाटलं. 'निर्मित' हा शब्द मी घरात आयुष्यात कधी उच्चारलेला नाही.

शेवटी तेलवाल्यांना फोन केला आणि विचारलं, यातलं आलंच पाहिजे असं काय काय आहे? ते म्हणाले, नाव, कूपन कोड आणि घरपोच फक्त पुणे-मुंबईत मिळतं एवढं. बाकी तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा. (मोठ्या कंपन्या कधी कधी शब्द न् शब्द तसाच हवा म्हणतात. तेव्हा मी त्यांचं वाक्य त्यांचं म्हणूनच वाचतो आणि स्वतःची दोन वाक्यं आधी-नंतर जोडण्याची परवानगी मागतो.)

मग ते तेल तीन आठवडे घरात वापरलं. हे टाळू नका, कारण सांगण्यासारखं जे काही सापडतं ते इथेच. नंतर लिहिलं ते असं:

'आता जाहिरात. गेले तीन आठवडे आमच्या घरी हे तेल आहे. झाकण उघडलं तेव्हा वाटलं, ओट्यावर कुणी शेंगा फोडून ठेवल्यात की काय. कांदेपोह्यांना छान लागतं, लसणाच्या चटणीवर कच्चं तर फारच. भजी तळायला मात्र मी वापरत नाही. फेस येतो, लवकर धुरावतं, आणि कढईभर ओतायला परवडतही नाही.'

रेकॉर्डिंगच्या आधी हा मजकूर त्यांना पाठवला. भज्यांचं वाक्य त्यांना खटकलं. मी म्हटलं, रिफाइंड न केलेल्या तेलाचं हे होतंच, तुमच्या गिऱ्हाइकालाही माहीत असतं. मी ते गाळलं तर पोह्यांचं कौतुकही खोटं वाटेल. थोडी ओढाताण झाली, पण वाक्य राहिलं. 'आरोग्याची हमी' मात्र मी काढून टाकली. त्याला पुरावा नव्हता आणि माझा अनुभवही नव्हता. ही नुसती तत्त्वाची गोष्ट नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक असावं लागतं आणि त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा लागतो. नाहीतर ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

'आता जाहिरात' हे शब्दही गाळू नका. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या नियमांत श्राव्य माध्यमात तसं सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट सांगायला हवं असं आहे. त्याने रसभंग होतो असं वाटतं, पण लोकांना खटकते ती लपवाछपवी. एकदा मी हुशारी केली होती. पाहुणे पुरात वाहून गेलेल्या शेताबद्दल बोलत होते, आणि मी 'शेतावरून आठवलं...' म्हणत थेट तेलावर उडी मारली. त्या भागाखालचे शेरे अजून वाचवत नाहीत. आता एक विषय पूर्ण संपला, की श्वास घेतो आणि सरळ जाहिरात म्हणून सांगतो.

सांगताना मजकूर समोर ठेवत नाही. चिठ्ठीवर चारच शब्द असतात: वास, पोहे, भजी, कूपन. कूपन कोड तेवढा वाचून दाखवतो. शब्द इकडचे तिकडे झाले तरी चालतं, मात्र किंमत, सवलत आणि दावे ठरल्याप्रमाणेच राहतात. माझ्या वेगाने मिनिटात साधारण १२० शब्द बसतात. त्यांचा मूळ मजकूर १९० शब्दांचा होता. तेवढं मिनिटात कोंबायला गेलं, की माणूस धावतो आणि आवाज आपोआप निवेदकाचा होतो. जाहिरात त्याच बैठकीत, त्याच माइकवर घ्या. दुसऱ्या दिवशी वेगळी रेकॉर्ड केली, तर खोलीचा घुमारा आणि घशाची पट्टी बदललेली कानाला लगेच कळते.

भाग यूट्यूबवर असेल तर आठवड्याने यूट्यूब स्टुडिओत श्रोते कुठे गळतात तो आलेख बघा. जाहिरातीवर रेघ थोडी खाली येणारच, पुढे ढकलणारे ढकलतात. 'आता जाहिरात' म्हणताच ती घसरली आणि जाहिरात संपल्यावर परत वर आली, तर लोकांनी फक्त तेवढा भाग ओलांडलाय. ती खाली गेली आणि वर आलीच नाही, तर मी आधी जाहिरातीची जागा बदलून बघतो. ती मध्येच, एखाद्या वाक्यापाशी खचली, तर ते वाक्य परत ऐकतो. बहुतेक वेळा ते प्रायोजकाचं, मी आळसाने तसंच ठेवलेलं असतं.