ग्रुप फोटोतला चेहरा बदलताना रेडियस किती ठेवायचा?

प्रश्न: लग्नाच्या ग्रुप फोटोत एकीचे डोळे मिटलेत, म्हणून तिचाच चेहरा दुसऱ्या फोटोतून आणून बसवतोय. फोटोशॉपमध्ये फ्रीक्वेन्सी सेपरेशन करून खालचा रंग घेतला, तर खालचा चेहरा भुतासारखा दिसतो. रेडियस बदलून पाहिला, तर कातडी प्लास्टिकची होते. सगळे व्हिडिओ 5 ते 10 रेडियस सांगतात. नेमका किती ठेवू?

उत्तर:

ते 5 ते 10 पिक्सेल चेहऱ्यावरचे डाग काढण्यासाठी असतात. तिथे एकाच फोटोची खाली ब्लर केलेला रंग आणि वर बारीक पोत अशी फोड केलेली असते, त्यामुळे ब्लर केलेल्या लेयरमध्ये नाक-डोळे उरले तरी बिघडत नाही, ते त्याच माणसाचे त्याच जागी असतात. तुमचा ब्लर लेयर मात्र दुसऱ्या फोटोचा आहे. 8 पिक्सेलच्या ब्लरमध्ये मिटलेल्या पापण्या, नाकाची सावली, ओठ हे सगळं अस्पष्ट का होईना, शिल्लक असतं. तेच तुमचं भूत. म्हणून इथे उलट विचार करायचा: खालच्या फोटोतून आपल्याला फक्त उजेडाचा रंग आणि चढउतार हवा आहे, नाक-डोळ्यांचा मागमूसही नको. रेडियस चेहऱ्याच्या मापाने ठरवा. मी रुंदीच्या आठव्या भागापासून सुरुवात करतो. चेहरा 600 पिक्सेल रुंद असेल, तर 75.

पण नुसता रेडियस वाढवून भागत नाही. एवढ्या मोठ्या ब्लरमध्ये केसांचा काळेपणा कपाळात आणि मागच्या पडद्याचा रंग गालात झिरपतो. माझ्या हातून गेलेल्या एका अल्बमचंच उदाहरण देतो.

नवरीच्या आजीचे स्टेजवरच्या फोटोत डोळे मिटले होते. चांगला चेहरा होता सकाळच्या फ्रेममध्ये, कार्यालयाच्या दाराशी, मोकळ्या उजेडात. स्टेजवर गुलाबी-लाल पडदे आणि वरून पिवळे दिवे. दाराशी आजींच्या गालाचा रंग R 205, G 160, B 135 होता, तर स्टेजवर त्याच गालाचा R 164, G 112, B 88.

आधी दाराचा चेहरा स्टेजच्या चेहऱ्यावर नीट बसवून घेतला. लहानमोठं करणं, फिरवणं हे सगळं फोड करण्याआधीच उरकायचं. फाइल 16 बिटमध्ये ठेवायची, कारण पुढे फरक निम्मा करून साठवला जातो.

मग स्टेजच्या फोटोची कॉपी घेतली आणि त्यातलं कातडी सोडून सगळं पुसून टाकलं: केस, डोळे, भुवया, ओठ, नाकपुड्या, कपाळावरचं कुंकू आणि नथ. नथ विसरू नका, तिचे मोती ब्लर झाले की गालावर पांढरट ढग येतो. कपाळावर दिव्याची चमक असेल तर तोही ठिपका पुसा, नाहीतर पावडर थापल्यासारखं दिसतं. उरतात फक्त कातडीचे तुकडे आणि मध्ये भोकं. आता या लेयरला 75 चा `Gaussian Blur` द्या. लेयरवर पारदर्शक भाग असतो तेव्हा फोटोशॉप त्या रिकाम्या जागेचा रंग हिशेबात धरत नाही. फक्त कातडीचाच रंग भोकांत पसरतो, पण फिकट, अर्धपारदर्शक. तो घट्ट करायला `Ctrl+J` आणि लगेच `Ctrl+E`, असं पाच-सहा वेळा करायचं. दर खेपेला थर दुप्पट होतात आणि भोकं बुजतात. ब्लर देताना लेयरचं पारदर्शक भागाचं कुलूप उघडं आहे ना, तेवढं बघा.

हाती येतो तो चेहऱ्याच्या आकाराचा गुळगुळीत रंगाचा डाग. त्यात ना डोळे, ना नाक. याला मी स्टेजचा नकाशा म्हणतो. दाराच्या चेहऱ्यालाही हेच करून दाराचा नकाशा बनवायचा, रेडियस तोच.

आता दाराच्या मूळ चेहऱ्यातून दाराचा नकाशा वजा करायचा. चेहऱ्याची कॉपी निवडून `Image > Apply Image` उघडा आणि असं भरा:

```
Layer:    दाराचा नकाशा
Channel:  RGB
Invert:   टिक
Blending: Add
Scale:    2
Offset:   0
```

8 बिटमध्येच काम करणार असाल, तर `Subtract`, `Scale` 2, `Offset` 128 आणि `Invert` बंद. राखाडी लेयर मिळतो, त्यात चेहरा कोरल्यासारखा दिसतो. त्याचा ब्लेंड मोड `Linear Light` करा. आधी तो दाराच्या नकाशावर ठेवून पाहा: मूळ चेहरा जसाच्या तसा परत आला पाहिजे. नाही आला तर वरच्या खिडकीत काहीतरी चुकलंय, पुढे जाऊ नका. आला, की खालचा नकाशा स्टेजचा करा.

इथे बरेच जण थांबतात, आणि मग फोटो ‘थोडा विचित्र’ का दिसतो ते त्यांना कळत नाही. आकडे बघा. आजींच्या बुबुळाचा R 25 होता. दाराच्या नकाशात तिथे, आजूबाजूच्या कातडीमुळे, R 205. म्हणजे राखाडी लेयरने 180 ची वजाबाकी लक्षात ठेवली आहे. स्टेजच्या नकाशात त्या जागी R फक्त 164. त्यातून 180 गेले तर शून्याच्या खाली, म्हणजे सपाट काळं. भुवया, नाकपुड्या, पापण्यांची रेघ, सगळ्यांचं तेच. आणि गालावरची रोमछिद्रं, सुरकुत्या मूळच्याच जोराने अंधाऱ्या कातडीवर उमटतात, म्हणून चेहरा खरखरीत, वय वाढल्यासारखा दिसतो. आजींच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात आलं नसतं म्हणा, पण त्या जागी नवरी असती तर?

कारण साधं आहे. उजेड कमी झाला की कातडी आणि छिद्रातली सावली दोन्ही त्याच प्रमाणात मंदावतात. तो गुणाकाराचा मामला आहे आणि आपण बेरीज-वजाबाकी करत बसलोय. तेव्हा राखाडी लेयरचा जोरही त्याच प्रमाणात उतरवायला हवा. प्रमाण गालावरून मिळतं. R मध्ये 164 भागिले 205, म्हणजे 0.80. G मध्ये 112 भागिले 160, म्हणजे 0.70. B मध्ये 88 भागिले 135, म्हणजे 0.65. हे आकडे दोन्ही नकाशांवर एकाच बिंदूला घ्यायचे, मूळ फोटोवर नव्हे, कारण मूळ फोटोत आयड्रॉपर कुठल्या छिद्रावर पडेल सांगता येत नाही.

तिन्ही चॅनलचं प्रमाण वेगळं आहे, म्हणून राखाडी लेयरच्या तीन कॉपी करा. प्रत्येकीवर डबल क्लिक करून `Layer Style` च्या `Advanced Blending` मध्ये `Channels` पुढे एकीला फक्त R, दुसरीला फक्त G, तिसरीला फक्त B ठेवा. मग त्यांचं `Fill` अनुक्रमे 80, 70 आणि 65 टक्के करा. `Fill` म्हणतोय, `Opacity` नाही. `Linear Light` मध्ये हे दोन वेगळे वागतात. `Fill` आधी वजाबाकी लहान करतं आणि मग लावतं. `Opacity` आधी पूर्ण वजाबाकी करून शून्यावर आपटतं आणि मग वर खालचा रंग मिसळतं, त्यामुळे बुबुळावर धुकं आल्यासारखं दिसतं. `Fill` ने हिशेब असा होतो: 180 चे 80 टक्के 144, आणि 164 मधून 144 गेले की 20. मूळच्या 25 चे 80 टक्केही 20 च. G आणि B मध्येही ताळा जमतो. बुबुळ काळं राहतं, पण त्यातली नजर मरत नाही.

दोन फोटोंतला फरक थोडा असेल, तर तीन कॉपींचा खटाटोप न करता एकच लेयर सरासरीला, इथे 72 टक्क्यांना, ठेवला तरी कातडीवर फरक कळत नाही. बुबुळात लालसर झाक राहील, तेवढंच. स्टेजचा फोटो जास्त उजळ असेल तर मात्र `Fill` शंभराच्या वर जात नाही. तिथे राखाडी लेयरवर `Levels` लावून दोन्ही टोकं सारखी आत घ्यावी लागतात.

शेवटी नकाशा आणि तीन कॉपी एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला चेहऱ्याच्या आकाराचा मास्क द्या, कड तीन-चार पिक्सेल मऊ. जोड हनुवटीखालच्या सावलीत आणि केसांच्या रेषेच्या किंचित आत घ्या. गालाच्या मधोमध जोड कधीच घेऊ नका.

प्लास्टिकचं दुसरं एक कारण असू शकतं, आणि ते तुमच्या दोन फोटोंवर अवलंबून आहे. सकाळचा फोटो ISO 200 चा आणि स्टेजवरचा 3200 चा असेल, तर चेहऱ्याला पोत असूनही ग्रेन नसतो, आणि शेजारच्यांच्या चेहऱ्यांपुढे तो चिकटवलेला वाटतो. वर 50 टक्के राखाडीचा लेयर `Overlay` मध्ये ठेवून `Add Noise` द्या, `Gaussian` आणि `Monochromatic`, आणि मग अर्ध्या पिक्सेलचा ब्लर. कॅमेऱ्याचा ग्रेन सुईच्या टोकासारखा नसतो, थोडा गुठळीदार असतो. किती द्यायचा ते 200 टक्के झूमवर शेजारच्या माणसाच्या गालाशी ताडून ठरवा. आणलेला चेहरा लहान करून बसवला असेल तर पोत टिकतो. बराच मोठा करावा लागला असेल, तर जी छिद्रं टिपलीच गेली नाहीत ती कुठल्याही फोडीने परत येणार नाहीत. दुसरी फ्रेम शोधा.

एक गोष्ट या पद्धतीने होत नाही. उजेडाची दिशा. नकाशा गालाचा रुंद उजेड-अंधार हलवतो, पण नाकाची सावली अरुंद असते, ती राखाडी लेयरमध्येच राहते. आजींच्या नाकाची सावली सकाळी उजवीकडे पडली होती आणि स्टेजवर दिवे समोरून होते. ती मी `Dodge` आणि `Burn` ने हाताने पुसट केली, अर्धा तास गेला. चेहरा आडवा उलटवून दिशा जुळवायचा मोह होतो. मीही एकदा केला होता. नथ उजव्या नाकपुडीत गेलेली घरच्यांनी पहिल्या नजरेत पकडली.